छोट्या बाथरूमला टाइल्स कोणत्या रंगाच्या?
चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये भिंतींना फिकट टाइल्सच लावाव्यात. मोतिया रंगावरून उजेड परततो, कोपरे अंधारे राहत नाहीत आणि जागा मोकळी वाटते. गडद टाइल कमी मळते, हा समज बोअरच्या पाण्यापुढे टिकत नाही. जड पाण्याचा थेंब वाळला की क्षार मागे उरतात आणि काळ्या चकचकीत टाइलवर त्यांचे पांढरे डाग लांबूनही दिसतात. फिकट टाइलवर ते लपतात, पण सांध्यांतलं पांढरं सिमेंट लवकर पिवळं पडतं. म्हणून सांधे राखाडी इपॉक्सीने भरून घ्या, ते पाणी जवळजवळ शोषत नाही. जमिनीला मात्र मध्यम राखाडी, मॅट टाइल बरी. खरेदीआधी नमुना घरी आणा, त्यावर नळाचं पाणी शिंपडून वाळू द्या आणि बाथरूमच्याच दिव्याखाली पाहा.