काँप्रेसर चालू, पण दूध गार होईना

गावातला ट्रान्सफॉर्मर जळतो, दोन-तीन दिवसांनी नवा बसतो, लाइट येते आणि लोक सुटकेचा श्वास सोडतात. शेतातली मोटर मात्र पाणी कमी टाकू लागते. शेतकऱ्याला हे नवीन नसतं. ‘फेज उलटे लागलेत’ म्हणत तो किंवा गावातला वायरमन स्टार्टरमधल्या दोन वायरी अदलाबदल करतो आणि पाणी पुन्हा जोरात येतं. त्याच दिवशी गावातल्या दूध संकलन केंद्रावर काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. तिथल्या बल्क कूलरवर हल्ली बहुधा थ्री-फेज स्क्रोल काँप्रेसर असतो आणि तो उलटा फिरला तर कमी नव्हे, अजिबात काम करत नाही.

स्क्रोलच्या आत चकलीसारखी वेटोळी असलेले दोन धातूचे भाग एकमेकांत बसवलेले असतात. एक जागेवर स्थिर असतो. दुसरा स्वतःभोवती गिरकी घेत नाही, पण छोट्या वर्तुळात घुमत राहतो. त्यामुळे बाहेरच्या कडेला पकडलेला गॅस आत आत ढकलला जातो, जागा कमी होते तसा दाबला जातो आणि मध्यावरच्या भोकातून बाहेर पडतो. फ्रेंच अभियंता लेओं क्रू याने या रचनेचं अमेरिकी पेटंट 1905 मध्येच मिळवलं होतं. पण ही वेटोळी पुरेशा बारकाईने घडवून मोठ्या संख्येने काँप्रेसर बनवणं 1980च्या दशकात जमलं.

या रचनेला एकच दिशा कळते. उलट फिरवलं की मधले कप्पे लहान होण्याऐवजी मोठे होतात आणि दाब तयारच होत नाही. जुना पिस्टनचा काँप्रेसर या बाबतीत सोशिक होता. पिस्टन वर-खालीच होणार आणि झडपा दाबाच्या फरकाने उघडणार. मोटर कुठल्या बाजूने फिरते याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. त्यामुळे पिस्टनवर हात बसलेल्या चांगल्या मेकॅनिकलाही फेजच्या क्रमाचा विचार चटकन सुचत नाही. त्यात कंडेन्सरचे पंखे सिंगल फेजवरचे असले तर ते बरोबरच फिरत असतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं.

थ्री-फेज मोटरची दिशा तिन्ही फेज कोणत्या क्रमाने येतात त्यावर ठरते. आर-वाय-बी हा क्रम सुलटा धरला, तर त्यातले कुठलेही दोन बदलले की मोटर उलटी. गंमत अशी, की तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवल्या, म्हणजे वाय-बी-आर केल्या, तर दिशा बदलत नाही. म्हणून केबल जोडताना रंग इकडचे तिकडे झाले तरी कधी काहीच होत नाही आणि कधी सगळा प्लांट उलटा फिरतो.

आता त्या केंद्रावर जाऊ. सकाळचं दूध टाकीत आलंय, अजून कोमट आहे. ते दोन-तीन तासांत 4 अंशांवर यायला हवं. बटण दाबलं. काँप्रेसर सुरू झाला, पण नेहमीचा एकसुरी घुमणारा आवाज नाही. त्याऐवजी खडखड, डब्यात खडे हलवल्यासारखी. सुलट फिरताना दाबलेल्या गॅसचा जोर दोन्ही वेटोळी एकमेकांना घट्ट टेकवून ठेवतो. उलट फिरताना तो जोर नसतो, मग ती एकमेकांवर आपटत राहतात. इथे एक सांगायला हवं: स्क्रोल बंद होताना क्षणभर असाच आवाज येऊ शकतो, कारण आतला दाबलेला गॅस वेटोळ्यांना जरा मागे फिरवतो. त्याला घाबरू नये. सुरू असताना आवाज थांबतच नसेल, तर मात्र हात बटणाकडे गेला पाहिजे.

आवाजाची खात्री गेज देतात. या कूलरमध्ये आर-22 गॅस आहे आणि हवा साधारण 30 अंश आहे असं धरा. यंत्र बराच वेळ बंद असेल आणि दोन्ही बाजूंचे दाब सारखे झाले असतील, तर दोन्ही गेज 155 ते 160 पीएसआयच्या आसपास असतात. सुलट काँप्रेसर सुरू होताच काटे लगेच फाकतात. लो साइडचा काटा उतरत जातो आणि दूध गार होत आलं की 50च्या घरात येतो, हाय साइडचा काटा चढून सव्वादोनशेच्या पुढे जातो. उलट्या काँप्रेसरवर दोन्ही काटे होते तिथेच उभे राहतात. डिस्चार्जचा पाइप, जो एरवी हात लावू देत नाही, तो तापतच नाही. टाँग टेस्टर लावला तर करंटही निम्म्यावर. एरवी 9-10 अँपियर घेणारं यंत्र 4-5वर रेंगाळतं, कारण दाबायला गॅसच नाही.

याच जागी चूक होते. दाब बनत नाही, करंट कमी आहे, म्हणजे ‘काँप्रेसर गेला’ किंवा ‘गॅस कमी आहे’ असं वाटणं साहजिक आहे. पण गॅस खरोखर कमी असेल तर चालू यंत्रात लो साइडचा काटा नेहमीपेक्षा खाली जातो, जागच्या जागी थांबत नाही. हा फरक न पाहता गॅस भरला, तर पुढे फेज सुलटे केल्यावर तोच जादा गॅस हाय प्रेशरला यंत्र ट्रिप करतो. काँप्रेसर बदलला तर नवाही उलटाच फिरणार.

काही मिनिटं उलटा फिरल्याने स्क्रोल बहुधा मोडत नाही. पण त्याची मोटर परत येणाऱ्या गार गॅसनेच थंड राहते. तो प्रवाह थांबल्याने करंट कमी असूनही मोटर तापते आणि आतलं ओव्हरलोड संरक्षण ती बंद करतं. मग ती निवेपर्यंत बराच वेळ सुरूच होत नाही, आणि ‘जळाला’ या निदानाला आणखी एक पुरावा मिळतो. गार झाला की पुन्हा सुरू, पुन्हा ट्रिप, असं दिवसभर चाललं तर मात्र खरंच नुकसान होतं.

दुरुस्ती दोन वायरींची, पण कुठल्या, हे महत्त्वाचं. बदल बाहेरून आलेल्या लाइनमध्ये झाला असेल तर वायरी पॅनेलच्या इनकमरवर, मेन बंद करून, टेस्टरने खात्री करूनच बदलाव्यात. फक्त काँप्रेसरच्या काँटॅक्टरवर बदलल्या, तर इतर थ्री-फेज मोटरी उलट्याच राहतील. शिवाय केंद्रावरचा जनरेटर जुन्या क्रमाला जुळवलेला असेल, तर रात्री लाइट गेल्यावर जनरेटरवर काँप्रेसर उलटा फिरेल आणि दोष जनरेटरच्या माथी मारला जाईल. म्हणून अदलाबदल चेंजओव्हरच्या आधी, फक्त महावितरणच्या बाजूला करावी.

पॅनेलमध्ये फेज क्रम ओळखणारा रिले असेल तर तो यंत्र सुरूच होऊ देत नाही. अशा वेळी वैतागून रिले बायपास करतात, तेवढं करू नका. त्याच्या आधीच्या दोन वायरी बदला, तो आपोआप मान्य करील. साधा सिंगल फेज प्रिव्हेंटर सगळीकडे हा क्रम ओळखतोच असं नाही, तेव्हा आपल्याकडचा कोणता आहे हे इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या. ट्रान्सफॉर्मर, मीटर किंवा केबलचं काम झाल्यावर दूध ओतण्याआधी काँप्रेसर 10 सेकंद चालवून गेज बघा, एकदा लाइटवर आणि एकदा जनरेटरवर.