भूक, दमणूक आणि भरलेलं पोट : समोरचा काय म्हणेल?

आजचा भाग इंग्रजी मालिकांची सबटायटल्स किंवा गोष्टी मराठीत आणणाऱ्यांसाठी आहे. विषय तीन छोट्या वाक्यांचा : ‘आय अ‍ॅम स्टार्व्हिंग’, ‘आय अ‍ॅम डेड टायर्ड’ आणि ‘आय अ‍ॅम स्टफ्ड’. वाक्यं रोजचीच, पण शब्दाला शब्द ठेवला की घरात एकदम दुष्काळ पडतो नाहीतर कुणीतरी दगावतं.

आधी वाक्याची बांधणी बघू. इंग्रजीत तिन्ही वेळा ‘मी अमुक आहे’ असंच म्हणतात. मराठीत तसं नाही. भूक *मला* लागते. दमतो *मी*. आणि भरतं ते *पोट*. म्हणजे तीन वाक्यांचे तीन वेगळे कर्ते. हे विसरून ‘मी भरलोय’ लिहिलं की डोळ्यांसमोर भरलं वांगं येतं.

आता अतिशयोक्तीचं काय करायचं? ती काढून टाकायची नाही, कारण मराठी माणूसही कमी बोलत नाही. फक्त आपलं वाक्य ऐकून समोरचा काय उत्तर देईल, हे मनात म्हणून बघायचं. मूळ प्रसंगात मिळतं तसंच उत्तर मिळत असेल, तर भाषांतर जमलं.

एक प्रसंग घेऊ. मुलगा फुटबॉल खेळून घरी येतो, दप्तर टाकतो आणि म्हणतो, ‘मॉम, आय अ‍ॅम स्टार्व्हिंग!’ आई हसून म्हणते, दहा मिनिटांत जेवण तयार होतंय.

पहिला प्रयत्न : ‘आई, माझी उपासमार होतेय.’ हा आईवर आरोपच झाला. ती म्हणेल, ‘मी तुला जेवायला घालत नाही का?’ दुसरा प्रयत्न : ‘आई, मी उपाशी आहे.’ हे साधं वाटतं, पण ‘उपाशी’ म्हणजे काहीच खाल्लेलं नाही. ती विचारेल, ‘का रे, डबा नाही खाल्लास?’ तिसरा : ‘आई, सडकून भूक लागलीय!’ आता ती म्हणेल, ‘हो हो, दहा मिनिटं थांब.’ जमलं. पात्र खट्याळ असेल तर ‘पोटात कावळे ओरडतायत’ चालेल, पण गंभीर स्वभावाच्या वकिलाच्या तोंडी हे कावळे घालू नका.

‘डेड टायर्ड’मधला ‘डेड’ मेलेला नाही, तो फक्त ‘अगदी’, ‘पार’ एवढंच सांगतो. ‘मी मेलेला थकलोय’ हे मराठीच नाही. ‘अंगात त्राण उरलं नाही’ हे छान मराठी आहे, पण ऐकणारा म्हणेल, ‘डॉक्टरांना दाखव.’ ते आजारपणाच्या प्रसंगाला राखून ठेवा. ऑफिसातून आलेल्या माणसाला ‘पार दमलोय’ किंवा ‘आज नुसता पिट्टा पडला’ पुरतं. मग उत्तर येतं, ‘बस, चहा टाकते.’

गंमत म्हणजे मराठीतही मरण असंच ‘फार’ या अर्थाने येतं : मरणाचा उकाडा, मरणाची भूक. त्यामुळे मित्रांमित्रांत ‘मरणाची भूक लागलीय’ खुशाल लिहा. ऐकणारी आजी असेल तर मात्र ती म्हणेल, ‘असं अभद्र बोलू नये.’ प्रसंगात तो खटका नको असेल तर तिथे ‘सडकून’च बरं.

राहिलं ‘स्टफ्ड’. पाहुणा हे जेवणाचं कौतुक म्हणून बोलतो. ‘पोट फुगलंय’ म्हटलं तर काकू ओवा आणून देतील. ‘तडस लागली’ म्हणजेही जेवण जास्त होऊन त्रास होतोय. नुसतं ‘पोट भरलं’ म्हटलं तर अर्धी पोळी पानात पडेलच. म्हणून ‘काकू, अगदी आकंठ जेवलो, आता कणभरही जागा नाही.’ यात कौतुकही आलं आणि नकारही. मित्रांत ‘पोट टम्म भरलंय’ चालतं.

शेवटी एक सावधगिरी. कधीकधी ‘स्टार्व्हिंग’ खरंच असतं. युद्धावरच्या माहितीपटात वेढ्यात अडकलेली बाई हेच वाक्य बोलली, तर तिथे कावळे नकोत आणि ‘सडकून’ही नको. तिथे ‘तीन दिवस पोटात अन्न नाही’ असं, मागेपुढे जे सांगितलं असेल ते सरळ लिहा. म्हणून वाक्याला हात लावण्याआधी पुढचं वाक्य वाचा. समोरचा ताट वाढायला उठतोय की घाबरून धावतोय, ते तिथेच कळतं.

तुमच्याकडे सडकून भुकेला वेगळा शब्द असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.