बुजवलेल्या तळ्यावर घर उभं राहील का?

प्रश्न : रेवसजवळ आमचा प्लॉट आहे. तिथं आधी जिताड्यांचं तळं होतं. दोन वर्षांपूर्वी मुरूम टाकून ते भरलं. आता वर गाडी चालते, जमीन कडक वाटते. तळमजला आणि वर एक मजला बांधता येईल का?

येईल, पण नेहमीच्या उथळ पायावर नाही. आणि गाडी चालते यावरून काहीच ठरत नाही. गाडीचा भार वरच्या मुरमातच पसरून जातो. तुमचा खरा प्रश्न त्याखालच्या गाळाचा आहे.

धरमतर खाडीच्या काठची ही खारजमीन. इथली माती म्हणजे पाण्याने भरलेली मऊ चिकणमाती. तिच्यावर वजन आलं की आतलं पाणी हळूहळू बाहेर निघतं आणि माती दबते. गाळाचा थर दुप्पट जाड असेल तर त्याला साधारण चौपट वेळ लागतो. त्यामुळे दोन वर्षं पुरेशी आहेत असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर थर किती जाड आहे ते आधी विचारा.

गंमत म्हणजे सगळ्यात मोठं ओझं घराचं नसतंच. दोन मीटर मुरमाचं वजन दर चौरस मीटरला साडेतीन टनांच्या आसपास भरतं. दोन मजली घर साधारण दोन ते अडीच टन. म्हणजे घर बांधण्याआधीच तुम्ही गाळावर घरापेक्षा जास्त वजन ठेवलंय.

सगळं घर सारखंच खाली गेलं तर एक वेळ चालतं. पण अर्ध घर जुन्या बांधावर आणि अर्ध भरावावर आलं, तर एक बाजू खचते आणि भिंतीला तिरक्या भेगा पडतात. म्हणून तळ्याची जुनी कड शोधा. गुगल अर्थवरची जुनी चित्रं आणि शेजारचे म्हातारे, दोघांनाही विचारा.

मग करायचं काय?

आधी जेसीबीने दोन-तीन खड्डे घ्या. मुरमाखाली काळा, वास मारणारा चिखल, प्लॅस्टिक किंवा राडारोडा दिसला, तर भराव गाळ न काढताच टाकलाय. मग बोअर घेऊन माती परीक्षण करा. यात ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. चिकणमातीत चारपेक्षा कमी ठोके म्हणजे ती मऊ. घट्ट थर लागेपर्यंत बोअर थांबवू देऊ नका.

गाळ पातळ असेल तर तो उपसून, २०-३० सेंटिमीटरचे थर रोलरने दाबत पुन्हा भरता येतं. जाड असेल तर पाइल घट्ट थरापर्यंत न्यावी लागते. इथं एक मेख आहे. खचणारा भराव पाइललाही खाली ओढतो. हा जादा भार हिशेबात धरलाय का, हे इंजिनिअरला नक्की विचारा. खाऱ्या पाण्याने सळ्या गंजतात, म्हणून बोअरमधल्या पाण्याचीही तपासणी करून घ्या.

आणि हो, सातबारा आणि सीआरझेडचा नकाशा बोअरच्याही आधी बघा. तिथं अडलं तर बोअरचा खर्च वाया.