एका कड्यातून बारा पाकळ्या

कोकणकड्याचा फोटो घ्या. त्यातून कॅलिडोस्कोपसारखी नक्षी करायला 30 अंशांची एकच फाक पुरते. फाकेचं टोक चौरस कॅनव्हासच्या बरोबर मध्यावर आणि एक कड उभ्या रेषेत ठेवा. बाकीचा फोटो मास्कने झाका. तो पुसू नका, म्हणजे मास्कखाली फोटो सरकवून हवा तो भाग निवडता येतो.

कड्याची काळी धार फाकेला तिरकी छेदणारी जागा निवडा. नुसतं आकाश आलं, तर नक्षी कोरी दिसते.

आता फाकेची प्रत आडवी फ्लिप करून उभ्या कडेला जोडा. 60 अंशांची सममित जोडी तयार होते. तिच्या आणखी पाच प्रती 60-60 अंशांनी फिरवल्या, की वर्तुळ पुरं होतं. मात्र फिरवण्याचा केंद्रबिंदू फाकेच्या टोकावरच हवा. तो जरा जरी सरकला, तरी मधोमध भोक पडतं किंवा पाकळ्या एकमेकींवर चढतात. फ्लिप वगळला, तर सांध्यावर कड्याची धार तुटते.

सगळं जुळूनही सांध्यांत केसासारख्या रेषा दिसल्या, तर मास्क दोन पिक्सेल रुंद करा.