जलचक्राची आकृती तपासताना

सहावीतल्या मुलाची आकृती: सूर्य, समुद्र, वर जाणारा बाण, ढग, डोंगरावर पाऊस, नदी पुन्हा समुद्राला. दिसायला छान, चूक एकही नाही, तरी अपुरी. तपासायची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक ठिकाणी आलेलं पाणी पुढे कुठे जातं ते विचारायचं. डोंगरावरचा सगळा पाऊस नदीतच? काही जमिनीत मुरतो, भूजल होऊन झऱ्यांतून नदीला मिळतो. उन्हाळ्यात नदी त्यावरच वाहते. हा बाण नाही. झाडं काढली आहेत, पण पानांतून होणारं बाष्पोत्सर्जन नाही. ढगाशेजारी ‘संघनन’ही हवं, कारण ढग म्हणजे वाफ नव्हे, बारीक थेंब. समुद्रावर तर पाऊसच नाही, आणि पृथ्वीवरचा बहुतेक पाऊस तिथेच पडतो! दहापैकी सहा गुण.