धृपद ऐकलं, कडवी राहिली

१९ सप्टेंबर १९८४. अमेरिकेत निवडणुकीचा प्रचार ऐन भरात होता. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी सभेत बोलत होते. बोलता बोलता त्यांनी त्याच राज्यातल्या एका रॉक गायकाचं नाव घेतलं. अमेरिकेचं भवितव्य ज्या आशेवर उभं आहे ती ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. गाणं कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या वर्षी स्प्रिंगस्टीन म्हटलं की लोकांना एकच गाणं आठवत होतं: ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’

गाण्यात घडतं काय, ते आधी पाहू. एका मरगळलेल्या गावात जन्मलेला, लहानपणापासून मार खात आलेला एक मुलगा गावात काहीतरी भानगड करून बसतो. त्याच्या हातात बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला धाडलं जातं. परत आल्यावर तो तेलशुद्धीकरण कारखान्यात काम मागायला जातो, तर तिथला माणूस हात वर करतो. माजी सैनिकांच्या सरकारी कचेरीतही त्याची तीच गत होते. त्याचा भाऊ खे सानच्या लढाईत गेलेला असतो. मागे उरलेला असतो तो भावाचा सायगावमधल्या प्रेयसीसोबतचा फोटो. शेवटी हा माणूस तुरुंगाच्या सावलीत उभा असतो. परत येऊन दहा वर्षं झाली, तरी त्याला जायला कुठेच जागा नसते.

यात आशा कुठे आहे? तरीही लाखो लोकांनी हे गाणं देशाभिमानाचं म्हणून ऐकलं. त्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्यांना तसं ऐकू यावं, याची कारणं गाण्याच्या बांधणीतच आहेत.

या गाण्याचं धृपद म्हणजे फक्त शीर्षक, तेच चार वेळा. मूठ उंचावून म्हणावं असं ते आहे. कडवी मात्र खरखरीत आवाजात, शब्द दाबून गायलेली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यातले निम्मे शब्दही नीट कळत नाहीत. रॉकमध्ये आवाज हेही एक वाद्यच असतं आणि शब्द अनेकदा गिटार-ड्रमच्या मागे राहतात. मग लक्षात राहतं ते पुन्हा पुन्हा येणारं आणि स्पष्ट ऐकू येणारं धृपद. ऐकणारा त्यावरूनच उरलेल्या गाण्याचा अर्थ लावतो.

दुसरं कारण चालीत आहे. रॉय बिटनने सिंथेसायझरवर वाजवलेली एक छोटी सुरावट सुरुवातीपासून तशीच फिरत राहते. खाली कॉर्ड दोनच, कडव्याला आणि धृपदालाही. मॅक्स वाइनबर्गचा स्नेअर ड्रम तर तोफेसारखा कोसळतो. भावाचा मृत्यू आला तरी चाल मंदावत नाही, सूर काळवंडत नाही. आता दुःखाचं बोलणं चाललंय, असा इशारा संगीत कुठेच देत नाही. भावाच्या कडव्यात तर तीनच ओळी आहेत. तिसरी ओळ सांगते की शत्रू अजून तिथेच आहे आणि भाऊ गेला. चौथ्या ओळीच्या जागी शब्दच नाहीत. शांत खोलीत ही रिकामी जागा काळजाला भिडते. स्टेडियममध्ये मात्र ती ड्रमच्या आवाजाने भरून जाते आणि तिथे काही राहून गेलंय हे कळतही नाही.

हे सगळं चालीमुळे घडलं, याला पुरावाही आहे. स्प्रिंगस्टीनने ऍरिझोनातल्या एका दुकानात रॉन कोविकचं आत्मचरित्र विकत घेतलं. कोविक हा व्हिएतनाममध्ये अपंग झालेला सैनिक. पुढे दोघांची भेट झाली आणि १९८१ च्या ऑगस्टमध्ये स्प्रिंगस्टीनने लॉस एंजेलिसमध्ये माजी सैनिकांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. त्याच्या तरुणपणच्या बँडचा ड्रमवादक बार्ट हेन्स व्हिएतनाममध्येच मारला गेला होता. या सगळ्यातून आलेलं गाणं त्याने १९८२ च्या सुरुवातीला घरी चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केलं. त्यात आहे ती फक्त गिटार आणि एका हरलेल्या माणसाचा आवाज. शब्द जवळपास तेच. ते ऐकून कुणी झेंडा फडकवील, हे शक्य नाही. काही महिन्यांनी तेच गाणं अख्ख्या बँडसोबत स्टुडिओत झालं आणि जगाने ऐकलं ते हे दुसरं रूप. त्यातच अल्बमच्या वेष्टनावर अमेरिकन झेंड्याचे पट्टे. १९८४ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला ऑलिंपिक झालेलं, देशभर झेंडेच झेंडे. ऐकणाऱ्याचे कान आधीच एका बाजूला वळलेले होते.

मात्र सगळा दोष न ऐकू आलेल्या शब्दांचा नाही. स्तंभलेखक जॉर्ज विल त्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनजवळ कार्यक्रम ऐकायला गेले होते आणि रेगन यांच्या भाषणाच्या काही दिवस आधी त्यांनी त्यावर लेख लिहिला. गाण्यांत बंद पडलेले कारखाने आणि हालअपेष्टा आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण त्यावर उत्तर म्हणून येणारं धृपद त्यांना आनंदी, ठाम होकारासारखं वाटलं. शब्द ऐकूनही त्यांनी कडवी आणि धृपद यांतलं नातं उलटं लावलं. ‘इतकं सोसलं, तरी मी इथला’ असा त्यांनी अर्थ घेतला. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, ‘मी इथला, मग माझी ही दशा का?’ एकच वाक्य अभिमानाचंही होतं आणि जाब विचारणारंही. त्यातलं काय ऐकू येईल, हे ऐकणारा आधीपासून काय मानतो यावर ठरलं.

रेगन यांच्या भाषणानंतर दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीनने त्या उल्लेखाचा विषय काढला. राष्ट्राध्यक्षांचा आवडता अल्बम कोणता असेल, ‘नेब्रास्का’ तर नसावा, असं म्हणून त्याने त्याच अल्बममधलं ‘जॉनी ९९’ गायलं. मोटारींचा कारखाना बंद पडून बेकार झालेल्या आणि दारूच्या नशेत खून करून बसलेल्या कामगाराची ही गोष्ट आहे. त्यानंतर क्रायस्लर कंपनीने जाहिरातीसाठी ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ मागितलं, तेव्हा त्याने मोठी रक्कम नाकारली.

पुढे त्याने गाणं बदललं नाही, चाल मात्र बदलली. नव्वदच्या दशकातल्या एकट्याच्या दौऱ्यात तो ते फक्त स्लाइड गिटारवर, ब्लूजसारखं गाऊ लागला. ड्रम गेले, सगळ्यांनी मिळून घोष करण्याची जागा गेली आणि कडवी समोर आली. त्याच्या २०१६ च्या आत्मचरित्रात तो या गाण्याला आपल्या सर्वोत्तम आणि सर्वांत गैरसमज झालेल्या गाण्यांपैकी एक म्हणतो. खचलेली कडवी आणि उसळतं धृपद ही जोडी अनेकांना पेलली नाही, असं त्याचं म्हणणं आहे. तरीही बँडसोबतचं रूप चुकलं, असं तो मानत नाही, आणि मीही मानत नाही. जाब विचारायला मोठा आवाज लागतो. तो आवाज नसता, तर हा माणूस फक्त कीव करण्याजोगा उरला असता.

असंच दुसरंही उदाहरण आहे. पोलिस बँडचं १९८३ चं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ लग्नांत वाजतं, पण ते सोडून गेलेल्या व्यक्तीवर पाळत ठेवणाऱ्या माणसाचं गाणं आहे, असं ते लिहिणारा स्टिंग वारंवार सांगत आला आहे. तिथेही गोड चालीनेच शब्द झाकले.

घरी ध्वनिमुद्रित केलेलं ते पहिलं रूप १९९८ मध्ये ‘ट्रॅक्स’ या संचात प्रसिद्ध झालं आणि आज ते सहज ऐकायला मिळतं. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ ऐकायचं असेल, तर आधी ते ऐका आणि मग बँडचं.