घराबाहेर असताना मुलाच्या मनात कोण असते?

मोहल्ल्यातल्या एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला चोरीच्या किंवा मारामारीच्या प्रकरणात पोलीस घेऊन गेले की दोन दिवस सगळीकडे तीच चर्चा चालते. कुणी म्हणते संगत वाईट, कुणी म्हणते मोबाईलने बिघडवले, कुणी म्हणते वालिद आखातात आणि अम्मी दिवसभर कामावर, मग दुसरे काय होणार? आपण सारेच एक प्रश्न विचारतो: हा मुलगा बिघडला कसा?

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हिर्शी यांनी हा प्रश्न उलटा केला. त्यांचे म्हणणे असे की मोह सगळ्याच मुलांना होतो. दुसऱ्याची वस्तू उचलावीशी वाटणे, कुणाला ठोकून काढावेसे वाटणे, शाळेला दांडी मारावीशी वाटणे, हे शिकवावे लागत नाही. म्हणून विचारायचे ते हे, की बहुतेक मुले तसे का करत नाहीत? त्यांना कोण अडवते? त्यांचे उत्तर होते की मुलाला माणसांशी आणि संस्थांशी जोडणारे बंध अडवतात. हे बंध सैल झाले की गुन्ह्याची वाट मोकळी होते. यालाच सामाजिक नियंत्रणाचा सिद्धांत म्हणतात. १९६९ साली आलेल्या ‘कॉजेस ऑफ डेलिंक्वन्सी’ या पुस्तकात हिर्शींनी तो मांडला.

हा विचार नुसता खुर्चीत बसून केलेला नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी रिचमंड नावाचे औद्योगिक गाव आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या आणि आसपासच्या शाळांतल्या चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेण्यात आली. तुम्ही कधी कुणाची वस्तू चोरली का, न विचारता कुणाची गाडी फिरवायला नेली का, मुद्दाम दुसऱ्याच्या वस्तूची मोडतोड केली का, भावंडे सोडून इतर कुणाला मारहाण केली का, असे प्रश्न थेट मुलांनाच विचारले होते. पोलिसांच्या नोंदीही पाहिल्या होत्या, पण त्यावरच विसंबले नाहीत. त्यामुळे एक गोष्ट उघड झाली. काळ्या आणि गोऱ्या मुलांत पोलीस नोंदींमध्ये जेवढा फरक दिसत होता, तेवढा त्यांच्या स्वतःच्या उत्तरांत नव्हता. कोण पकडले जाते आणि कोण करते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समोर नसलेली आई

घराविषयीचे निष्कर्ष आपल्या नेहमीच्या समजुतींना धक्का देणारे आहेत. आई नोकरी करते की घरी असते, याने मुलांच्या वागण्यात फार मोठा फरक पडलेला दिसला नाही. वडील घरात राहतात की नाही, याचाही परिणाम लोक मानतात त्यापेक्षा बराच कमी होता. ठळक फरक दिसला तो वेगळ्याच प्रश्नांवर. ‘तू घराबाहेर असतोस तेव्हा कुठे आहेस हे आईला ठाऊक असते का? कुणाबरोबर आहेस हे ठाऊक असते का? तुझ्या मनातले विचार तू तिला सांगतोस का? वडील तुला एखादी गोष्ट समजत नसेल तर समजावून सांगतात का?’ ज्यांनी ‘होय, नेहमी’ असे उत्तर दिले, त्या मुलांत गैरकृत्ये करणारे कितीतरी कमी होते.

हिर्शींनी याचे कारण साध्या भाषेत सांगितले आहे. दुकानातून वस्तू उचलायला किंवा काच फोडायला वेळ कितीसा लागतो? दोन-चार मिनिटे. तेवढा वेळ जगातल्या कुठल्याही मुलाला मिळतोच. चोवीस तास पाळत कुणालाच ठेवता येत नाही. म्हणून त्या दोन मिनिटांत आई समोर उभी असणे महत्त्वाचे नाही, ती मुलाच्या मनात येते की नाही हे महत्त्वाचे. ‘अम्मीला कळले तर तिला काय वाटेल?’ हा विचार ज्याच्या मनाला शिवतो त्याचा हात थांबतो. ज्याला वाटते की आपण कुठे आहोत याची घरी कुणाला फिकीरच नाही, त्याचा थांबत नाही.

कोकणातल्या कितीतरी घरांतले वालिद वर्षानुवर्षे कुवेत, दुबई, कतारमध्ये राबतात. त्यांच्यासाठी यात दिलासाही आहे आणि जबाबदारीही. अंतराने बंध आपोआप तुटत नाही. पण फोनवरची दहा मिनिटे केवळ ‘अभ्यास केलास का, अम्मीला त्रास देत नाहीस ना’ एवढ्यावर संपत असतील, तर तो बंध बांधलाही जात नाही.

विचारून कळते की सांगितल्याने?

मुलगा कुठे आहे हे आईला ठाऊक असणे चांगले, एवढे वाचून काही पालक चौकशी वाढवतील, मोबाईल तपासतील, बाहेर जाणे बंद करतील. इथे स्वीडनमधला एक अभ्यास मदतीला येतो. हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. चौदा वर्षांची ७०३ मुले आणि त्यांचे पालक यांना त्यांनी विचारले की पालकांना मुलांविषयी जी माहिती असते ती येते कुठून? तीन वाटा होत्या: पालक चौकशी करतात, पालक नियम लावून बांधून ठेवतात, किंवा मूल आपणहून सांगते.

सर्वाधिक माहिती तिसऱ्या वाटेने येत होती. मुलांच्या चांगल्या वागण्याशी सर्वांत घट्ट संबंधही आपणहून सांगण्याचाच होता. नियमांनी आवळले जात आहोत असे ज्या मुलांना वाटत होते, त्यांच्यात हा फायदा दिसला नाही, उलट त्रासच अधिक होता.

याचा अर्थ नियम नकोत असा नाही. अर्थ एवढाच की खरी बातमी मुलाच्याच तोंडून येते, आणि ती येत राहावी की बंद व्हावी हे आपण पहिली वाईट बातमी कशी ऐकतो यावर ठरते. मुलाने सांगितले, ‘आज मी आणि माझे दोस्त तास बुडवून तलावावर गेलो.’ त्यावर लगेच थप्पड बसली, किंवा संध्याकाळपर्यंत ती गोष्ट मामा-खालांपर्यंत पोहोचली, तर मुलगा तलावावर जाणे थांबवेलच असे नाही. सांगणे मात्र नक्की थांबवेल.

शाळेची साखळी

शाळेबाबत हिर्शींनी एक साखळी दाखवली. मुलगा अभ्यासात मागे पडतो. गुण घसरतात. मग शाळा नकोशी होते. शाळा नकोशी झाली की शिक्षक आपल्याविषयी काय म्हणतात याची पर्वा राहत नाही. ती पर्वा गेली की शाळेला आपल्याला काही सांगण्याचा अधिकार आहे हेच मान्य होत नाही. त्या प्रश्नावलीत एक विधान होते: वर्गाबाहेर विद्यार्थी सिगारेट ओढतो की नाही, याच्याशी शाळेचा काय संबंध? जे या विधानाशी सहमत होते, त्यांच्यात गैरकृत्यांचे प्रमाण जास्त होते.

आपल्याकडे ही साखळी कशी चालते हे एका कल्पित मुलावरून पाहू. सहावीपर्यंत तो ठीक होता. सातवीत अपूर्णांक आणि समीकरणे कळेनाशी झाली. घरात गणित समजावणारे कुणी नाही, आणि वर्गात विचारले तर मुले हसतात. आठवीत गणिताच्या तासाला पोट दुखू लागले, पुढे तो एक तास बुडू लागला, मग पूर्ण दिवस. त्या वेळेत गॅरेजवर बसणारी मोठी मुले भेटली. तिथे त्याला कुणी ‘ढ’ म्हणत नाही. नववीत कुणाची तरी बाईक ‘फक्त एक चक्कर’ म्हणून काढली आणि तो पकडला गेला. घरचे म्हणाले, गॅरेजवरच्या मुलांनी बिघडवले. पण कडी तुटली ती दोन वर्षांपूर्वी, अपूर्णांकांपाशी. त्या वेळी रोज अर्धा तास कुणी शिकवले असते, मग तो मोठा भाऊ असो, शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी असो, किंवा शाळेतलेच एखादे सर, तर पुढच्या कड्या जुळल्या नसत्या असा संभव मोठा आहे.

खुणा ओळखता येतात. ठराविक विषयाच्या दिवशीच आजारपण. पूर्वी नावाने ज्यांचा उल्लेख होई त्या शिक्षकांविषयी एकदम मौन किंवा तुच्छता. मित्रांची नावे घरात येईनाशी होणे. यातली प्रत्येक खूण चोरीच्या कितीतरी आधी दिसते.

एका समजुतीला मात्र या अभ्यासात फारसा आधार मिळाला नाही. रिकामा वेळ खेळांनी, छंदांनी भरला की मुलगा वाचतो, असे आपण मानतो. खेळ आणि छंद यांचा परिणाम हिर्शींना अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसला. गृहपाठाला दिलेल्या वेळाचा संबंध दिसला, कारण तो वेळ मुलाला शाळेशी बांधतो.

दीनदार घरांसाठी एक प्रश्न

याच रिचमंडच्या माहितीवरून हिर्शी आणि रॉडनी स्टार्क यांनी १९६९ साली आणखी एक लेख लिहिला. नियमित चर्चला जाणारी आणि नरकावर विश्वास असणारी मुले इतरांपेक्षा कमी गुन्हे करतात का? उत्तर आले, फरक नाही. धार्मिक लोकांना हे खटकले. पुढे स्टार्क यांनीच दाखवले की जिथे आजूबाजूचा समाज धर्म खरोखर जगतो, तिथे फरक स्पष्ट दिसतो, आणि जिथे ती फक्त एकेकट्याची सवय असते, तिथे दिसत नाही. आपल्या बाबतीत विचारायचे ते हे: मुलगा मशिदीत जातो एवढे पुरेसे धरायचे, की तिथली चार मोठी माणसे त्याला नावाने ओळखतात, तो दोन दिवस दिसला नाही तर विचारतात, हेही पाहायचे?

या सिद्धांताच्या मर्यादा

हिर्शींनी मुलींची उत्तरे जवळजवळ बाजूलाच ठेवली, हा त्यांच्यावरचा रास्त आक्षेप आहे. त्यांची पाहणी एकाच वेळची होती, त्यामुळे बंध सैल झाल्याने मुलगा चुकला, की चुकल्यामुळे बंध सैल झाले, हे तीतून ठरत नाही. बहुधा दोन्ही होते. मित्रांशी जवळीक असली की मुलगा सुधारतो, हे त्यांचे मतही टिकले नाही. मायकेल हिंडेलँग यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातल्या मुलांवर हाच अभ्यास करून पाहिला, तेव्हा घर आणि शाळेविषयीचे निष्कर्ष बहुतांशी जुळले, मित्रांविषयीचा उलटा आला.

आपल्या कायद्यातही या विचाराची छाया आहे. अठरा वर्षांखालील मुलाला २०१५चा बाल न्याय कायदा गुन्हेगार न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते आणि मंडळासाठी एक सामाजिक तपासणी अहवाल तयार होतो. घरात कुणाशी कसे संबंध आहेत, शाळा सुटली असल्यास का सुटली, मित्र कोण, हे त्यात लिहायचे असते. म्हणजे प्रकरण घडल्यावर सरकारी अधिकारी जे प्रश्न विचारतो, तेच आपल्याला आधी विचारता येतात. त्याला फॉर्म भरावा लागतो. आपल्याला रात्रीच्या दस्तरखानावर मुलाचे बोलणे मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकावे लागते.